मार्कशीटवर ग्रेड, फॉर्मवर टक्के : हिशोब कसा करायचा?



गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीनंतर एक ताई मागे थांबल्या. त्या त्यांच्या गटाच्या सचिव आहेत. लग्नानंतर, दोन मुलं सांभाळून त्यांनी बी.ए. पूर्ण केलं. पिशवीतून त्यांनी सहा मार्कशीट आणि एका नोकरीच्या जाहिरातीची झेरॉक्स काढली. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘कोणत्याही शाखेची पदवी, किमान ५५ टक्के गुण’. ताई म्हणाल्या, “मॅडम, सगळ्या मार्कशीट चाळल्या, टक्के कुठेच नाहीत. शेवटी ६.२३ एवढंच लिहिलंय. हे पास आहे की नापास?”

पास तर आहेच. पण फॉर्मवरच्या टक्केवारीच्या रकान्यात काय लिहायचं, हा खरा प्रश्न होता. त्यांनी तोवर तीन जणांना विचारलं होतं आणि तिघांनी तीन आकडे सांगितले होते. नेटकॅफेवाल्याने दहाने गुणून ६२.३० सांगितले. भाच्याने साडेनऊने गुणून ५९.१९ काढले. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सहा सेमिस्टरची सरासरी काढून, मार्कशीटच्या मागचं सूत्र लावून ५५.२५ काढले. तिघांच्याही हिशोबाने ताई ५५ च्या वर होत्या. आणि तिघांचाही हिशोब चुकीचा होता.

ही चूक मी स्वतःसुद्धा केलेली आहे. समाजकार्याची पदवी घेतल्यावर पहिल्याच नोकरीचा फॉर्म भरताना माझ्या ६.४० ला मी दहाने गुणलं आणि ६४ टक्के लिहून मोकळी झाले. त्या पदाला ६० टक्के हवे होते. परीक्षा दिली, यादीत नाव आलं, पहाटेची एसटी पकडून कागदपत्रं तपासायला गेले. तिथल्या साहेबांनी मार्कशीट उलटी केली, मागचं सूत्र वाचलं आणि कॅल्क्युलेटरवर ५६.५० काढून दाखवले. नाव तिथेच कमी झालं. फॉर्म भरण्याआधी मार्कशीटची मागची बाजू वाचली असती, तर तो फॉर्म मी भरलाच नसता. फी, अभ्यास आणि आशा, तिन्ही वाचलं असतं.

म्हणून या अंकात आपण या ताईंचीच मार्कशीट समोर ठेवून हिशोब करू. वही-पेन घेऊन बसा. मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर पुरेसं आहे.

क्रेडिट म्हणजे काय, ग्रेड पॉइंट म्हणजे काय

आपल्या वेळी प्रत्येक विषय शंभर मार्कांचा असायचा. आता प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. मोठ्या विषयाला चार क्रेडिट, छोट्याला दोन. ते तुम्हाला किती मार्क पडले त्यावर ठरत नाहीत, अभ्यासक्रम तयार होतानाच ठरलेले असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्रेड. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेल्या दहा पॉइंटच्या पद्धतीत ओ ग्रेडला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, आणि पी म्हणजे काठावर पास, त्याला ४ पॉइंट मिळतात. नापास झालं की शून्य. आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांच्या मार्कशीटवर हीच किंवा याच्याशी मिळतीजुळती पद्धत दिसते. तरी आपल्या मार्कशीटच्या मागे छापलेला तक्ता एकदा बघाच, कारण अक्षरं आणि पॉइंट यांची जोडी सगळीकडे तंतोतंत सारखी नसते.

आता क्रेडिट आणि पॉइंट यांचा मेळ घालायचा. ज्या तायांकडे गाय-म्हैस आहे त्यांना हे लगेच कळेल. समजा डेअरीत तुम्ही एका कॅनमधून दहा लिटर दूध घातलं, त्याला फॅट लागली ४. दुसऱ्या कॅनमधून दोन लिटर घातलं, त्याला फॅट लागली ७. तर तुमच्या सगळ्या दुधाची फॅट किती? ४ आणि ७ ची सरासरी साडेपाच असं कोणी म्हटलं, तर डेअरीवाला हसेल. दहा लिटरचे ४ म्हणजे ४०, दोन लिटरचे ७ म्हणजे १४, एकूण ५४. त्याला बारा लिटरने भागायचं. फॅट आली साडेचार. जास्त लिटरचा कॅन सरासरी आपल्याकडे ओढतो.

मार्कशीटमध्ये लिटरच्या जागी क्रेडिट असतात आणि फॅटच्या जागी ग्रेड पॉइंट. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा हिशोब सोपा आहे.

आधी एका सेमिस्टरचा हिशोब

ताईंचं पहिलं सेमिस्टर घेऊ. सहा विषय होते. चार मोठे, चार-चार क्रेडिटचे. दोन छोटे, दोन-दोन क्रेडिटचे.

पहिला विषय : ४ क्रेडिट, ग्रेड ए, ८ पॉइंट. ४ × ८ = ३२
दुसरा विषय : ४ क्रेडिट, ग्रेड बी प्लस, ७ पॉइंट. ४ × ७ = २८
तिसरा विषय : ४ क्रेडिट, ग्रेड बी, ६ पॉइंट. ४ × ६ = २४
चौथा विषय : ४ क्रेडिट, ग्रेड सी, ५ पॉइंट. ४ × ५ = २०
पाचवा विषय : २ क्रेडिट, ग्रेड ए प्लस, ९ पॉइंट. २ × ९ = १८
सहावा विषय : २ क्रेडिट, ग्रेड बी प्लस, ७ पॉइंट. २ × ७ = १४

गुणाकारांची बेरीज १३६. क्रेडिटची बेरीज २०. १३६ भागिले २० बरोबर ६.८०. हाच त्या सेमिस्टरचा एसजीपीए. मार्कशीटवर तळाशी तो छापलेला असतो.

नुसत्या पॉइंटची सरासरी काढली असती, तर ८, ७, ६, ५, ९, ७ यांची बेरीज ४२ आणि सहाने भागून ७.०० आले असते. तो आकडा चुकीचा आहे, कारण दोन क्रेडिटच्या छोट्या विषयातल्या ९ पॉइंटला त्यात चार क्रेडिटच्या विषयाएवढं वजन मिळालं.

मग सहा सेमिस्टरचा हिशोब

सहाही सेमिस्टर मिळून जो आकडा येतो त्याला सीजीपीए म्हणतात. काही मार्कशीटवर त्याला सीजीपीआय असंही लिहिलेलं असतं. शेजारच्या मुलीची चूक इथे झाली. तिने सहा एसजीपीए मिळवले आणि सहाने भागले. पण ताईंच्या पहिल्या चार सेमिस्टरना वीस-वीस क्रेडिट होते, आणि शेवटच्या दोनला चोवीस-चोवीस. म्हणजे इथेही लिटर वेगवेगळे आहेत. म्हणून पुन्हा तोच गुणाकार करायचा :

पहिलं सेमिस्टर : २० × ६.८० = १३६
दुसरं सेमिस्टर : २० × ६.८० = १३६
तिसरं सेमिस्टर : २० × ६.५० = १३०
चौथं सेमिस्टर : २० × ६.३० = १२६
पाचवं सेमिस्टर : २४ × ५.७५ = १३८
सहावं सेमिस्टर : २४ × ५.५० = १३२

गुणाकारांची बेरीज ७९८. क्रेडिटची बेरीज १२८. ७९८ भागिले १२८ बरोबर ६.२३. ताईंच्या शेवटच्या मार्कशीटवर हाच आकडा होता. शेजारच्या मुलीच्या सरासरीने मात्र ६.२७५ आले होते, कारण शेवटच्या दोन सेमिस्टरला मार्क कमी पडले आणि त्यांचंच वजन जास्त होतं. ताईंच्या सासूबाई त्या वर्षी दवाखान्यात होत्या. मार्कशीटला ते कळत नाही, ती फक्त क्रेडिट बघते.

एक लक्षात ठेवा. शेवटच्या मार्कशीटवर सीजीपीए छापलेला असेल, तर फॉर्मवर तोच धरायचा. आपला हिशोब फक्त पडताळणीसाठी आहे. तुमचं उत्तर आणि छापील आकडा जुळला नाही, तर आधी हे बघा, की एखादा विषय एटीकेटीत राहिला होता का आणि तुम्ही चुकून जुनी मार्कशीट धरली आहे का. जुन्या मार्कशीटवर त्या विषयाचे पॉइंट शून्य असतात, त्यामुळे सरासरी खाली येते. विषय सुटल्यानंतर मिळालेली नवी मार्कशीट घ्या. तरीही जुळलं नाही, तर कॉलेजच्या कार्यालयात विचारा. छापील आकडा आपल्या मनाने बदलायचा नाही.

दहाने का गुणायचं नाही?

आता मुख्य प्रश्न. ६.२३ चे टक्के किती?

दहापैकी ६.२३, म्हणजे शंभरपैकी ६२.३०, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ग्रेड पॉइंट हे मार्क नाहीत. ग्रेड हा एक गठ्ठा आहे. समजा एखाद्या विद्यापीठात ६० पासून ६९ पर्यंत मार्क मिळालेल्या सगळ्यांना ७ पॉइंट देतात. एकीला ६० मार्क आहेत, दुसरीला ६९. दोघींना ७ पॉइंट. आता दहाने गुणलं तर दोघींचे ७० टक्के होतात. पण ७० तर दोघींपैकी एकीलाही पडले नव्हते! दहाने गुणल्यावर टक्केवारी खऱ्या मार्कांपेक्षा फुगते ती यामुळे.

हा फुगवटा काढण्यासाठी विद्यापीठं सूत्र ठरवतात. वरच्या उदाहरणात गठ्ठ्याचा मधला आकडा साधारण ६५, म्हणजे ७० पेक्षा पाचने कमी. गठ्ठे किती रुंद आहेत आणि कुठून सुरू होतात, यावर किती कमी करायचं ते ठरतं. आणि प्रत्येक विद्यापीठाने गठ्ठे आपापल्या पद्धतीने पाडलेले असल्यामुळे सूत्रंही वेगवेगळी आहेत.

तांत्रिक शिक्षणाची देशपातळीवरची परिषद आहे, तिच्या तक्त्यात ६.२५ पॉइंट म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० टक्के, ७.२५ म्हणजे ६५ टक्के असं दिलेलं आहे. नीट बघा, यात पॉइंटमधून पाऊण वजा करून मग दहाने गुणलेलं आहे. कर्नाटकातल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठानेही हे सूत्र वापरलेलं आहे. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या निकालांसाठी ७.१ ने गुणून त्यात ११ मिळवायचे, असं सूत्र वापरलेलं आहे.

मग भाच्याने सांगितलेले साडेनऊ कुठून आले? ते सीबीएसई बोर्डाच्या दहावीचं सूत्र आहे. २०१० पासून २०१७ पर्यंत त्या बोर्डाच्या दहावीच्या निकालात ग्रेड देत होते. सगळ्यात वरच्या ग्रेडच्या, म्हणजे ९१ ते १०० मधल्या मुलांचे सरासरी मार्क ९५ च्या आसपास येत होते. दहा पॉइंटचे ९५, म्हणून एका पॉइंटचे साडेनऊ. बोर्डाच्या दहावीसाठी ते ठीक होतं. पदवीच्या मार्कशीटशी त्याचा काही संबंध नाही. पण हा आकडा मोबाईलवर सगळीकडे फिरतो आणि आपल्या पोरी तो डोळे झाकून लावतात.

ताईंचं उत्तर

ताईंच्या मार्कशीटच्या मागे, बारीक अक्षरांत, सूत्र छापलेलं होतं : सीजीपीएमधून ०.७५ वजा करा आणि दहाने गुणा.

६.२३ − ०.७५ = ५.४८
५.४८ × १० = ५४.८०

५४.८० टक्के. हवे होते ५५.

ताई जरा वेळ गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, “दोन दशांशांसाठी कोण अडवतंय? ५५ लिहून टाकू.”

अडवतात. बँकांच्या भरतीच्या बऱ्याच जाहिराती आयबीपीएस काढते. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, की अपूर्णांक धरला जाणार नाही. ५९.९९ टक्के असतील तर ते ६० पेक्षा कमीच मानले जातील, आणि ५४.९९ असतील तर ५५ पेक्षा कमी. म्हणजे टक्केवारी वरच्या पूर्ण आकड्यावर न्यायची नाही. दशांशानंतर दोन आकडे लिहायचे आणि जसे आहेत तसे लिहायचे.

गंमत अशी, की हाच ६.२३ सीजीपीए मुंबई विद्यापीठाच्या त्या सूत्राने काढला असता तर ७.१ × ६.२३ = ४४.२३, अधिक ११, म्हणजे ५५.२३ झाले असते. ताईंनी लगेच विचारलं, “मग आपण तेच लावलं तर?” नाही चालत. ज्या विद्यापीठाने मार्कशीट दिली, त्याच विद्यापीठाचं सूत्र लावायचं. आणि विद्यापीठ तेच असलं तरी अभ्यासक्रम आणि वर्ष बदललं की सूत्र बदललेलं असू शकतं. नणंदेचं सूत्र भावजयीला लागेलच असं नाही, एका कॉलेजातल्या असल्या तरीसुद्धा. आपल्याच मार्कशीटच्या मागे बघायचं.

फॉर्म भरताना हा क्रम ठेवा

सगळ्यात आधी जाहिरात वाचा. टक्केवारी कशी काढायची हे बऱ्याचदा जाहिरातीतच दिलेलं असतं. तुमच्या मार्कशीटवर ग्रेडबरोबर प्रत्येक विषयाचे मार्कही छापलेले असतील, तर हे वाचणं फारच गरजेचं आहे. मार्कांवरून काढलेली टक्केवारी आणि सूत्रावरून काढलेली टक्केवारी एक येत नाही, आणि कुठली धरायची ते जाहिरात देणारा ठरवतो. आयबीपीएसच्या जाहिरातीत मार्क असतील तर सगळ्या सेमिस्टरच्या सगळ्या विषयांचे मिळालेले मार्क मिळवून, एकूण मार्कांच्या बेरजेने भागायला सांगतात. चांगले पडलेले विषय तेवढे धरायचे आणि ऐच्छिक विषय सोडायचे, असं चालत नाही. जिथे सीजीपीएच दिलेला आहे, तिथे तो टक्क्यांत बदलून लिहायला सांगतात.

जाहिरातीनंतर मार्कशीटची मागची बाजू वाचा. सूत्र तिथे नसेल तर कॉलेजच्या कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात विचारा. वेबसाईटवर परिपत्रक मिळालं तर त्यावर आपला अभ्यासक्रम आणि आपलं वर्ष आहे ना, हे तपासा. नेटकॅफेवाल्याला फॉर्म भरता येतो, पण तुमचं सूत्र त्याला माहीत असायचं कारण नाही. जाताना वहीत टक्केवारी स्वतः लिहून न्या आणि त्याने टाकलेला आकडा स्क्रीनवर स्वतः वाचून मगच फॉर्म पुढे पाठवायला सांगा.

फॉर्ममध्ये काही वेळा ‘मिळालेले गुण’ आणि ‘एकूण गुण’ असे दोन रकाने असतात, तर काही वेळा सीजीपीए की टक्केवारी हे निवडायचं असतं. सीजीपीए निवडायची सोय असेल तर ६.२३ आणि १० असं लिहायचं. सोय नसेल तर सूत्राने काढलेली टक्केवारी लिहायची. पण मिळालेले गुण ६.२३ आणि एकूण गुण १० असं मार्कांच्या रकान्यात टाकलं, तर संगणक आपोआप ६२.३० टक्के दाखवतो. फॉर्म तेवढ्यापुरता पुढे जातो आणि पडताळणीच्या दिवशी अडकतो. माझंच उदाहरण वर दिलं आहे. अशा वेळी जाहिरातीत दिलेल्या मदत क्रमांकावर विचारून मगच रकाना भरा.

प्रमाणपत्र आधीच मागून ठेवा

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. टक्केवारी तुम्ही बरोबर काढली तरी तुमच्या वहीतला हिशोब पडताळणीला चालत नाही. आयबीपीएसच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, की मुलाखतीला बोलावल्यास विद्यापीठाच्या योग्य अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागेल. त्यात दोन गोष्टी हव्यात : ग्रेडचे टक्के करण्याचा विद्यापीठाचा नियम काय, आणि त्या नियमाने या उमेदवाराला किती टक्के पडतात. दोन्ही हव्यात. नुसत्या सूत्राची झेरॉक्स म्हणजे अर्धंच काम.

हे प्रमाणपत्र एका दिवसात हातात पडेल असं धरू नका. अर्ज, फी, सही, शिक्का यात वेळ जातो, आणि मुलाखतीचं पत्र आल्यावर धावपळ करायला दिवस कमी उरतात. पदवीचा निकाल लागला की लगेच अर्ज करून ठेवलेला बरा. ताईंसाठी आम्ही लिहिलेला अर्ज असा होता. नाव आणि नंबर आपापले घालून वापरा :

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
(विद्यापीठाचे नाव)

विषय : सीजीपीएचे टक्केवारीत रूपांतर केल्याचे प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय / महोदया,
मी आपल्या विद्यापीठातून (अभ्यासक्रम) ही पदवी (महिना व वर्ष) मध्ये उत्तीर्ण झाले आहे. माझा कायम नोंदणी क्रमांक (क्रमांक) असून अंतिम सीजीपीए (आकडा) आहे. नोकरीच्या अर्जासाठी मला सीजीपीएचे टक्केवारीत रूपांतर करण्याचा विद्यापीठाचा नियम व त्यानुसार माझी टक्केवारी नमूद केलेले प्रमाणपत्र हवे आहे. तरी ते मिळावे, ही विनंती.
सोबत : सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिकांच्या प्रती, पदवी प्रमाणपत्राची प्रत, ओळखपत्राची प्रत.

आपली विश्वासू,
(मार्कशीटवर आहे तसे नाव, सही, मोबाईल नंबर)

लग्नानंतर नाव बदललेल्या तायांनी अर्जावर मार्कशीटवरचंच नाव लिहावं. आधारवरचं नाव वेगळं असेल तर नाव बदलल्याचा कागद सोबत जोडावा. नाहीतर प्रमाणपत्र एका नावाचं आणि मार्कशीट दुसऱ्या नावाची, असा नवाच घोळ होतो. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्यायला विसरू नका.

ताईंचं पुढे काय झालं

५५ टक्क्यांच्या पदाचा फॉर्म ताईंनी भरला नाही. त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण फीचे पैसे वाचले आणि त्याच पैशांतून विद्यापीठाला प्रमाणपत्राचा अर्ज गेला. प्रमाणपत्रावर आकडा आला ५४.८०, आपल्या वहीतल्या हिशोबाएवढाच. नंतर दुसरी एक जाहिरात आली, त्यात पदवीला ५० टक्के मागितले होते. ताईंनी ५४.८० लिहिले. कागद तपासताना तिथल्या मॅडमनी विचारलं, “हे टक्के कसे काढले?” ताईंनी प्रमाणपत्र पुढे ठेवलं. दोन मिनिटांत सही झाली. निवड यादी अजून लागायची आहे.

करून पाहा

एका मुलीच्या सेमिस्टरला चार विषय आहेत. पहिला ४ क्रेडिट, ग्रेड ए. दुसरा ४ क्रेडिट, ग्रेड बी. तिसरा २ क्रेडिट, ग्रेड ओ. चौथा २ क्रेडिट, ग्रेड बी प्लस. तिचा एसजीपीए किती? आणि ताईंच्या विद्यापीठाचं सूत्र लावलं तर टक्के किती? आधी स्वतः करा, मग खाली बघा.

उत्तर : ४ × ८ = ३२, ४ × ६ = २४, २ × १० = २०, २ × ७ = १४. बेरीज ९०. क्रेडिट १२. ९० ÷ १२ = ७.५०. त्यातून ०.७५ वजा केले की ६.७५, आणि दहाने गुणून ६७.५० टक्के. ज्यांचं उत्तर ७.७५ आलं, त्यांनी नुसत्या पॉइंटची सरासरी काढली. त्यांनी डेअरीचं उदाहरण पुन्हा वाचा. ज्यांचं उत्तर ७५ टक्के आलं, त्यांनी थेट दहाने गुणलं. त्यांनी माझी पहाटेची एसटी आठवा.

पुढच्या मासिक बैठकीला येताना घरातल्या पदवीधर मुलींच्या मार्कशीट घेऊन या. झेरॉक्स आणणार असाल तर मागची बाजूसुद्धा काढा. सूत्र तिथेच असतं, आणि दुकानदार ती बाजू हमखास सोडून देतो.

तुमची,
क्षेत्र समन्वयक